जे वाचता आलं नाही, ते तसंच लिहायचं

डिस्चार्ज कार्डाची सोप्या भाषेत स्वच्छ प्रत काढली की मूळ कागदावरची खाडाखोड, पुसट शाई, घाईत ओढलेले फराटे हे सगळं दिसेनासं होतं. प्रत वाचणाऱ्याला प्रत्येक ओळ सारख्याच ठामपणे सांगितलेली वाटते. त्यातली एखादी ओळ अंदाजाने भरलेली असली, तरी ते ओळखायचा मार्ग त्याच्याजवळ उरत नाही. मूळ कागद वाचता येत नव्हता तेव्हा निदान तो कुणाला तरी विचारणार होता. प्रत हातात आल्यावर तो विचारत नाही, गोळी घेतो.

मी रुग्णालयाच्या औषध विभागात नोकरी केली. आता नात्यातली आणि ओळखीची माणसं मला डिस्चार्ज कार्डांचे फोटो पाठवतात आणि मी ती सोप्या मराठीत लिहून देते. अवघड संज्ञा सोप्या करण्यात माझा फारसा वेळ जात नाही, कारण त्या ठरलेल्या असतात आणि एकदा माहीत झाल्या की झाल्या. वेळ जातो तो हाताने लिहिलेल्या चार-पाच नोंदींवर. त्या नोंदींचं काय करायचं, एवढ्याचबद्दल मला इथे लिहायचं आहे.

उदाहरण घेते ते माझ्या मावशीच्या यजमानांचं. काकांचं वय ७१. हृदयाची ताकद कमी झाल्यामुळे पायांवर सूज आली, आडवं झालं की दम लागू लागला, म्हणून त्यांना दाखल केलं होतं. मधुमेह जुना, मूत्रपिंडं थोडी अशक्त आणि नाडी अनियमित. मावसभावाने पाठवलेल्या फोटोंत दोन पानं होती. पहिलं पान छापील: निदान, तपासण्या, रुग्णालयात काय उपचार झाले. दुसऱ्या पानावर घरी घ्यायच्या औषधांचा तक्ता, आणि तो हाताने भरलेला. बहुतेक कार्डं अशीच असतात. जे घडून गेलं ते छापलेलं असतं, आणि रुग्णाला आज रात्रीपासून जे करायचं आहे ते निघायच्या घाईत पेनाने लिहिलेलं असतं.

पहिलं काम फोटोचं. मावसभावाने फोनमधल्या स्कॅनच्या सोयीने पानं काढली होती. कागद पांढराशुभ्र, अक्षरं काळीभोर, दिसायला सुरेख. असा फोटो मी परत पाठवते. कागद पांढरा करणारी ही सोय प्रत्येक ठिपक्याला एकतर काळा ठरवते नाहीतर पांढरा. पुसट शाईचा दशांशबिंदू त्यात उडून जातो आणि कागदावरचा एखादा डाग बिंदू होऊन बसतो. औषधाच्या तक्त्यात बिंदू गेला किंवा आला म्हणजे मात्रा दहापट बदलली. म्हणून मी साधा, रंगीत फोटो मागते: कागद सपाट ठेवून, फ्लॅश न वापरता, आधी चारही कडा दिसतील असं पूर्ण पान, मग एकेक चतकोर जवळून, आणि पानांची मागची बाजूसुद्धा, कारण तिथे कधी कधी पुढच्या भेटीची तारीख लिहिलेली असते. पाठवताना फोटो म्हणून न पाठवता फाइल म्हणून पाठवायला सांगते, म्हणजे तो वाटेत दाबला जाऊन धूसर होत नाही.

शंका उरलीच तर आणखी एक फोटो मागते, उजेड अगदी कडेने आणि तिरका पडेल असा. बॉलपेनच्या दाबाने कागदावर बारीक खळगा पडतो आणि तिरक्या उजेडात तो सावलीमुळे दिसतो. डागाला खळगा नसतो. घडीची रेघ आणि पेनाची रेघ यांतला फरकही यानेच कळतो, कारण उजेडाची दिशा बदलली की घडीची सावली हलते आणि शाई जागच्या जागी राहते.

नवे फोटो आल्यावर मी लगेच सोपं लिहायला बसत नाही. आधी जसंच्या तसं उतरवून घेते. दुसरं पान, ओळ पहिली, ओळ दुसरी, असे क्रमांक घालून, प्रत्येक चौकटीत जेवढं दिसतं तेवढंच. या टप्प्यावर मी स्वतःला औषधांची जाणकार समजत नाही, फक्त नक्कल करणारी समजते. माझं ज्ञान इथे उपयोगापेक्षा जास्त घात करतं. ओळखीच्या नावाचं पहिलं अक्षर दिसलं की मन उरलेलं नाव आपणच पुरं करतं, आणि आपण ते वाचलं अशीच आपली समजूत होते. जुन्या पोथ्यांच्या चिकित्सक आवृत्त्या तयार करणारे संपादक संशयित पाठाखाली नागमोडी रेघ ओढतात. पाठ मजकुरात राहतो, पण त्याच्याबद्दलची शंकाही त्याच्याच खाली, वाचकाच्या नजरेसमोर राहते. मीही तशीच रेघ ओढते. शंका पानाच्या तळाशी टिपेत टाकली की ती कुणी वाचत नाही.

काकांच्या तक्त्यातल्या दोन ओळी अगदी स्वच्छ होत्या. स्पायरोनोलॅक्टोन २५ मिलिग्रॅम, सकाळी एक. अपिक्साबॅन ५ मिलिग्रॅम, सकाळी एक आणि रात्री एक. त्या वाचल्या तशा उतरवल्या. बाकीच्या ओळींत मात्र प्रत्येक शंका वेगळ्या जातीची होती, म्हणूनच हे कार्ड माझ्या लक्षात राहिलं आहे.

पहिली शंका सगळ्यात साधी. फ्युरोसेमाइड ४०, म्हणजे लघवी वाढवून अंगातलं साठलेलं पाणी काढणारी गोळी. समोर वेळांच्या रकान्यात तीन आकडे: सकाळचा एक, रात्रीचं शून्य आणि मधला दुपारचा आकडा नेमका घडीवर आलेला. तिथे शाई फुटली होती. तो एकही असू शकत होता आणि शून्यही. अशा वेळी माणूस औषधाच्या माहितीचा आधार घेऊ पाहतो. पण इथे माहिती दोन्हीकडे सारखीच झुकते. हे औषध दिवसातून एकदाही देतात आणि दोनदाही. दोनदा द्यायचं असेल तर दुसरी गोळी दुपारीच देतात, म्हणजे रात्रभर लघवीला उठावं लागत नाही. गोळी कमी पडली तर पाणी पुन्हा साठणार, जास्त झाली तर आधीच अशक्त असलेल्या मूत्रपिंडांवर ताण येणार. तिरक्या उजेडातही ठरेना. मी लिहिलं: "सकाळी एक गोळी, हे स्पष्ट आहे. रात्री नाही, हेही स्पष्ट आहे. दुपारी एक आहे की नाही, ते वाचता येत नाही." ओळीतला जेवढा भाग पक्का आहे तो पक्का म्हणून सांगायचा आणि शंका फक्त तिच्या जागेपुरती ठेवायची. पूर्ण ओळीवर "अस्पष्ट" असा शिक्का मारला तर घरचे सकाळची गोळीही द्यायची थांबतात.

दुसरी शंका जास्त गंभीर होती. नावाची सुरुवात "मेटो" अशी दिसत होती, पुढे एक लांब फराटा आणि मग आकडा. तो २५ होता, किंवा दोन आणि पाच यांच्या मध्ये बिंदू असेल तर २.५. आता "मेटो" ने सुरू होणारी दोन औषधं हृदयाच्या याच आजारात वापरली जातात. मेटोप्रोलोल २५ मिलिग्रॅमच्या गोळीत मिळतं, ते नाडीचा वेग कमी करून हृदयावरचा भार हलका करतं. मेटोलाझोन २.५ मिलिग्रॅमच्या गोळीत मिळतं, ते लघवीचं जोरदार औषध आहे आणि फ्युरोसेमाइडच्या जोडीला दिलं की अंगातलं सोडियम आणि पोटॅशियम झपाट्याने खाली जाऊ शकतं, म्हणून त्यावर रक्ततपासणीची नजर ठेवावी लागते. म्हणजे नावाची शंका आकड्यावर अवलंबून आणि आकड्याची शंका एका बिंदूवर. बिंदू वाचला तर एक औषध, डाग समजला तर दुसरं, आणि दोन्ही वाचनं आपापल्या जागी अगदी सुसंगत.

बिंदूंचा हा घोळ जगभर ओळखीचा आहे. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशन या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २००४ मध्ये, औषध लिहिताना काय वापरू नये याची एक छोटी यादी लागू केली. पूर्णांकापुढे बिंदू आणि शून्य लिहायचं नाही, कारण बिंदू दिसला नाही तर एकाचे दहा होतात. एकापेक्षा लहान आकडा नुसत्या बिंदूने सुरू करायचा नाही, आधी शून्य लिहायचं. इन्शुलिनचं युनिट एका अक्षरात लिहायचं नाही, कारण ते अक्षर शून्यासारखं दिसतं आणि दहाचे शंभर होतात. मी सोपं लिहिताना हे तिन्ही नियम पाळते आणि जिथे गोंधळाची शक्यता आहे तिथे आकड्याशेजारी शब्दही लिहिते: "२.५, म्हणजे अडीच मिलिग्रॅम." अडीच आणि पंचवीस यांत कुणाचाही घोटाळा होत नाही.

"मेटो" वाल्या ओळीसाठी मी त्याच पानावर त्याच डॉक्टरांचं बाकीचं अक्षर पाहिलं. हा उपाय नेहमी करण्याजोगा आहे. ते दशांशबिंदू कसा देतात, इंग्रजी एक आणि सात कसे काढतात, शब्दाचा शेवट कसा सोडतात, हे दुसऱ्या स्पष्ट नोंदींवरून कळतं. त्यांचे बाकीचे बिंदू ओळीवर आणि ठसठशीत होते. हा ठिपका ओळीच्या थोडा वर आणि फिका होता. त्यावरून मला वाटलं की तो डागच असावा आणि औषध मेटोप्रोलोल असावं. तरीही मी ते नाव औषधाच्या रकान्यात लिहिलं नाही. लिहिलं ते असं: "नाव 'मेटो' पर्यंतच वाचता येतं. आकडा २५ किंवा २.५. ही दोन वेगवेगळी औषधं असू शकतात. विचारून घेणे." माझा कल कुठे आहे ते माझ्या कच्च्या कागदावर राहिलं. घरच्यांच्या कागदावर "बहुधा" असं लिहिलं की दोन दिवसांत त्याचं "नक्की" होतं, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

मावसभाऊ म्हणाला, "अगं, पण औषधं तर घेऊन झाली, पाकीट बघून सांगतो ना." पाकिटावर मेटोप्रोलोल होतं. माझ्या वाचनाशी जुळत होतं, पण तो पुरावा मी धरला नाही. औषध देणाऱ्यानेही हेच अक्षर वाचून पाकीट दिलं होतं. एकच अस्पष्ट ओळ दोघांनी सारखी वाचली, एवढंच त्यातून कळतं. आपल्याला हवा तो असा दाखला, जो या कागदावरून आलेला नाही: वॉर्डातला औषधांचा तक्ता, म्हणजे दाखल असताना परिचारिका ज्यावर वेळ घालून सही करतात तो, किंवा लिहिणारे डॉक्टर स्वतः.

तिसरी नोंद तर अगदी सुवाच्य होती, आणि तरी तिच्याखाली मी नागमोडी रेघ ओढली. डिगॉक्सिन ०.२५ मिलिग्रॅम, सकाळी अर्धी गोळी, आणि पुढे पाच, तिरकी रेघ, सात: ५/७. काही डॉक्टर याचा अर्थ "आठवड्यातले पाच दिवस" असा घेतात, आणि डिगॉक्सिन तसं दिलंही जातं, दोन दिवस सुट्टी ठेवून. पण ब्रिटिश पद्धतीच्या लघुलेखनात छेदातला सात म्हणजे दिवस, बावन्न म्हणजे आठवडे आणि बारा म्हणजे महिने. त्या हिशेबाने ५/७ म्हणजे "पाच दिवस घ्या आणि थांबवा". एका अर्थाने औषध चालू राहतं, दुसऱ्याने पाचव्या दिवशी संपतं. डिगॉक्सिनची उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडं असतं आणि ते मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतं. मूत्रपिंडं अशक्त असतील तर ते रक्तात साठत जातं: मळमळ, भूक मरणं, नाडी फार मंद होणं, नजरेला पिवळट दिसणं. उलट, नाडी आवरण्यासाठी दिलेलं औषध चुकून पाच दिवसांत बंद केलं तर नाडी पुन्हा पळायला लागते. अनियमित नाडी असलेल्या माणसाला हे औषध आठवड्यातून पाच दिवस दिलं असण्याचीच शक्यता जास्त, हे मला कळत होतं. पण अक्षर स्वच्छ असलं म्हणून अर्थही स्वच्छ असतोच असं नाही, आणि इथे तर घरच्यांना शंकासुद्धा आली नव्हती. मावशीने पाच दिवसांनी बंद करायचं असंच धरलं होतं.

चौथी शंका दोन पानांच्या मध्ये होती. पहिल्या छापील पानावर लिहिलेलं: क्रिएटिनिन वाढल्यामुळे मेटफॉर्मिन थांबवलं आहे. दुसऱ्या पानाच्या शेवटी हाताने लिहिलेलं: बाकीची औषधं पूर्वीप्रमाणे चालू. क्रिएटिनिन हा रक्तातला घटक मूत्रपिंडांचं काम मंदावलं की वाढतो. दोन्ही ओळी लख्ख वाचता येत होत्या. पण मेटफॉर्मिन हे काकांचं मधुमेहासाठीचं, वर्षानुवर्षांचं "पूर्वीचं" औषध, म्हणजे दुसरी ओळ शब्दशः घेतली तर ते आजपासून पुन्हा सुरू. सोपं लिहिणाऱ्याला इथे मोह होतो की थांबवण्याचं कारण दिलं आहे म्हणजे तीच ओळ खरी, दुसरी सवयीने लिहिलेली. तसं असेलही. मी दोन्ही ओळी शेजारी शेजारी लिहिल्या, पान क्रमांकांसह, आणि खाली लिहिलं: "या दोन सूचना एकमेकींशी जुळत नाहीत." पाठोपाठ मावशीला फोन करून पूर्वीच्या सगळ्या गोळ्यांची नावं पाकिटांवरून वाचायला सांगितली, कारण "पूर्वीप्रमाणे" या शब्दाआड नेमकं काय काय आहे ते विचारताना समोर असायला हवं. त्यात गुडघ्यांसाठीची एक वेदनाशामक गोळीही निघाली, आणि पहिल्या पानावर वेदनाशामक गोळ्या टाळाव्यात असंही छापलेलं होतं. तीही जोडी प्रश्नांच्या यादीत गेली.

यांच्याशी घोटाळा होऊ नये अशी आणखी एक गोष्ट आहे: डॉक्टरांची स्वतःची शंका. काकांच्या छातीच्या एक्स-रेच्या नोंदीत "न्यूमोनिया" च्या आधी प्रश्नचिन्ह होतं. ते वाचण्यात काहीच अडचण नव्हती. प्रश्नचिन्ह म्हणजे डॉक्टरांना शक्यता वाटली, निदान ठरलं नाही. तसंच "वगळण्यासाठी तपासणी" असा अर्थ असणारी लघुरूपं येतात. सोप्या भाषेत अशा ओळीचं "न्यूमोनिया झाला होता" असं रूपांतर फार सहज होतं आणि मग तो आजार माणसाच्या इतिहासात कायमचा जमा होतो. मी लिहिलं: "न्यूमोनिया असू शकेल असं डॉक्टरांना वाटलं. नक्की झाल्याचं कार्डावर कुठे लिहिलेलं नाही." या ओळीला नागमोडी रेघ नाही. डॉक्टरांची शंका मी स्पष्ट वाचली आहे आणि ती शंका म्हणूनच पुढे दिली आहे. माझ्या वाचनातली शंका ही वेगळी खूण आहे, आणि दोन्हींना एकच प्रश्नचिन्ह वापरलं तर कोण साशंक आहे तेच कळेनासं होतं.

औषधांच्या तक्त्याबाहेरच्या आकड्यांपैकी एकच अस्पष्ट होता: घरी जाताना मोजलेलं वजन. दाखल होताना ७२ किलो छापलेलं. जातानाचं हाताने लिहिलेलं, सहावर आठ किंवा तीन. ६८ किंवा ६३. अंगात पाणी साठलेल्या माणसाचं वजन उपचाराने चार किलोही उतरतं आणि नऊही. या आकड्याला महत्त्व एवढ्यासाठी की कार्डावर लगेच पुढे सूचना होती, तीन दिवसांत दोन किलोंपेक्षा जास्त वजन वाढलं तर कळवावं. सुरुवातीचं वजन ६८ धरलं आणि खरं ६३ असलं, तर सात किलो पाणी साठेपर्यंत कुणाला पत्ता लागणार नाही. हा आकडा मी रिकामा ठेवला आणि खाली लिहिलं की घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, लघवी झाल्यावर आणि काही खाण्याआधी, घरच्या काट्यावर वजन करून ते "घरच्या काट्यावरचं वजन" म्हणून तारखेसह लिहावं. रोजची तुलना त्याच काट्याशी करायची असल्याने पुढचं काम त्यावर भागतं. पण घरचा आकडा रुग्णालयाच्या चौकटीत भरायचा नाही.

एवढं झाल्यावर सोपं लिहिणं सुरू होतं. कार्डाचा क्रम मी पाळत नाही. रुग्णालय निदानापासून सुरू करतं, घरी आलेल्या माणसाला आधी आज रात्री कुठली गोळी घ्यायची ते हवं असतं. म्हणून पहिला भाग औषधांचा, आणि त्यात चार गट: नवीन सुरू झालेली, मात्रा बदललेली, तशीच चालू ठेवायची, थांबवलेली. थांबवलेल्यांचा गट सगळ्यात महत्त्वाचा, कारण ती पाकिटं घरात असतात. प्रत्येक औषधापुढे ते कशासाठी आहे हे एका ओळीत. मग कोणत्या लक्षणांना लगेच कळवायचं, मग पुढची भेट आणि तपासण्या, मग काय झालं होतं. रक्ताच्या एका तपासणीपुढे "अहवाल यायचा आहे" असं होतं. ती थायरॉइडची तपासणी होती. अशा नोंदींसाठी मी स्वतंत्र भाग ठेवते, अहवाल कोण आणणार आणि कोणाला दाखवणार यासाठी दोन रिकाम्या जागा सोडून, नाहीतर ते अहवाल कुणाचेच राहत नाहीत.

सोपं करतानाही एका ठिकाणी जपावं लागतं. काकांच्या हृदयाच्या सोनोग्राफीत इजेक्शन फ्रॅक्शन ३० टक्के होतं. मावसभावाने आधीच मावशीला सांगून टाकलं होतं की हृदय तीसच टक्के चालतंय, आणि ती रडवेली झाली होती. निरोगी हृदयसुद्धा दर ठोक्याला आतलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही, साधारण ५० ते ७० टक्के टाकतं. म्हणून ३० ची तुलना १०० शी करायची नसते. मी लिहिलं: "दर ठोक्याला हृदय आतल्या रक्तापैकी ३० टक्के पुढे ढकलतं. एरवी हे प्रमाण ५० ते ७० असतं. ताकद बरीच कमी झाली आहे, त्यासाठीच ही औषधं आहेत." आजार हलका दाखवला नाही, पण नसलेला आकडाही मनात राहू दिला नाही. इजेक्शन फ्रॅक्शन हा शब्द मात्र ठेवला, पुढचे डॉक्टर तोच विचारतील.

कागदाच्या शेवटी प्रश्न. हे मी फार काळजीने लिहिते, कारण प्रश्न कसा विचारला यावर उत्तर ठरतं. "तिसरी गोळी मेटोप्रोलोलच ना?" असं विचारलं की घाईत असलेला माणूस हो म्हणतो. म्हणून नाव न सुचवता विचारायचं: "दुसऱ्या पानावरच्या तिसऱ्या ओळीतलं औषध, त्याची ताकद आणि वेळा तुमच्याकडच्या तक्त्यावरून वाचून सांगाल का?" उत्तर ऐकल्यावर ते आपण त्यांना परत वाचून दाखवायचं. सांगणाऱ्याचं पद, तारीख आणि वेळ लिहून ठेवायची. आणि प्रत्येक प्रश्नापुढे तो कधीपर्यंत सुटायला हवा तेही लिहायचं. "मेटो" चा आणि डिगॉक्सिनचा प्रश्न पुढच्या गोळीच्या वेळेआधी, दुपारच्या फ्युरोसेमाइडचा उद्या दुपारच्या आत, वजनाचा पुढच्या भेटीपर्यंत चालेल. "कळेपर्यंत गोळी देऊ नका" असं मी लिहीत नाही. गोळी थांबवणं हाही उपचाराचाच निर्णय आहे आणि तो माझा नाही. मी वेळ आणि फोन नंबर लिहिते.

त्या संध्याकाळी मावसभावाने वॉर्डात फोन लावला. परिचारिकेने निवासी डॉक्टरांना बोलावून दिलं आणि त्यांनी तक्ता उघडून एकेक ओळ सांगितली. तिसरी ओळ मेटोप्रोलोल २५, सकाळी एक. ठिपका खरंच डाग होता. फ्युरोसेमाइड सकाळी एक आणि दुपारी एक. डिगॉक्सिन आठवड्यातले पाच दिवस, कायम, आणि सुट्टीचे दोन दिवस शनिवार-रविवार धरा असं त्यांनी सांगितलं. मेटफॉर्मिन थांबवलेलंच, पुढच्या भेटीत क्रिएटिनिन पाहून ठरवायचं. गुडघ्याची गोळीही बंद. वजन तक्त्यावर नव्हतं, ते ज्या कागदावर होतं ती फाइल रेकॉर्ड विभागात गेली होती.

मी नवी प्रत काढली. सुटलेल्या शंकांवरच्या नागमोडी रेघा काढल्या आणि त्या जागी लिहिलं, "निवासी डॉक्टरांनी फोनवर सांगितलं," तारीख, वेळ. कागदावरून वाचलेली ओळ आणि फोनवरून कळलेली ओळ, दोन्ही आता पक्क्या, तरी त्या कुठून आल्या ते वेगळं दिसायला हवं, कारण पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या समोर मूळ कार्ड असेल आणि त्यावर ही उत्तरं नसतील. जुन्या प्रतीवर मोठी फुली मारून ती फाडायला सांगितलं. एका घरात औषधांचे दोन कागद असू नयेत. मूळ कार्डाचा फोटो नव्या प्रतीच्या मागे जोडला. वजनाच्या चौकटीत अजून "६८ किंवा ६३, वाचता येत नाही" असंच आहे, आणि शेजारच्या रकान्यात काकांनी स्वतःच्या हाताने घरच्या काट्यावरचं रोजचं वजन लिहायला सुरुवात केली आहे.